३७ टक्के: कोथरूडमधल्या एका पुनर्विकासाचं प्रकरण

पाकिटं पार्किंगमध्येच उघडली. सोसायटीला हॉल नव्हता. चार स्कूटर बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि कुणाच्या तरी मुलाचा व्हाइटबोर्ड खांबाला टेकवून ठेवला होता. सेक्रेटरी कात्रीने एकेक पाकीट कापत होते, मी आकडा वाचत होतो आणि खजिनदार ताई बोर्डावर लिहीत होत्या. पहिलं २४ निघालं. मग २२, २८, २५. शेवटच्या पाकिटात गुळगुळीत कागदाचं रंगीत ब्रोशर होतं आणि त्याच्या आत आकडा होता ३७. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. चेअरमन काका मला म्हणाले, "आता काय राहिलंय? बाकीच्यांना धन्यवादाचं पत्र पाठवून टाका."

हे आकडे म्हणजे बिल्डरांनी देऊ केलेली वाढ, जुन्या घराच्या कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर मोजलेली. ६०० चौरस फुटांच्या घराला २५ टक्के म्हणजे ७५० चौरस फुटांचं नवं घर. पुण्यात पुनर्विकासाची बोली याच भाषेत लागते. काम चालू असतानाचं भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, पार्किंग हे सगळं मागून येतं. गच्चीवर, लिफ्टमध्ये आणि वॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो तो फक्त टक्का.

मी सोसायटीने नेमलेला सल्लागार होतो. खाली जे मांडतोय ते एका सोसायटीचं हुबेहूब वर्णन नाही. तीन-चार ठिकाणी जे पाहिलं ते एकत्र केलंय आणि हिशोब डोक्यात राहावा म्हणून आकडे गोल केलेत. घटनांचा क्रम मात्र खरा आहे, आणि त्यात माझीही एक चूक आहे. ती पुढे येईल.

आधी हिशोब. चाळीस फ्लॅट, प्रत्येकी ६०० चौरस फूट, म्हणजे जुनं कार्पेट २४,००० चौरस फूट. प्लॉटवर किती बांधता येईल हे २०२०च्या शेवटी आलेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ठरतं: समोरचा रस्ता किती रुंद, त्यावर प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम किती, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क किती. आमच्या प्लॉटवर सगळं धरून नवं कार्पेट ६४,००० चौरस फूट बसत होतं. बांधकाम, प्रीमियम, टीडीआर, तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस, व्याज, विक्रीचा खर्च असं सगळं मिळून ५० कोटी. सभासदांची घरं देऊन जे उरेल ते बिल्डर विकणार, आणि त्या वेळी त्या भागात नव्या घराला कार्पेटवर १६,५०० रुपयांच्या आसपास भाव होता.

आता २५ टक्के देणारा बिल्डर घ्या. सभासदांना ३०,००० चौरस फूट जातात आणि विकायला ३४,००० उरतात. १६,५०० ने ५६ कोटी १० लाख होतात. खर्च ५० कोटी, नफा सहा कोटी. साडेतीन-चार वर्षं जोखीम घेऊन बारा टक्के म्हणजे फार नाही, पण धंदा चालतो. सभासदांना जाणारा प्रत्येक जादा टक्का म्हणजे २४० चौरस फूट, म्हणजे बिल्डरच्या खिशातून जवळपास ४० लाख. पंधरा टक्के आणखी दिले की नफा शून्यावर येतो. ४० टक्के ही या प्लॉटची शेवटची पायरी होती. तिच्यापुढे खड्डा.

मग ३७ वाल्याने काय पाहिलं? त्याचा तक्ता मी नंतर पाहिला. बांधकामाचा खर्च आमच्याइतकाच, क्षेत्रफळ तेवढंच, नफाही त्याने सहा कोटीच धरला होता. फरक एकाच चौकोनात होता: विक्रीचा भाव १८,०००. दीड हजाराचा, म्हणजे नऊ टक्क्यांचा फरक. घरं विकायला काढेपर्यंत भाव तिथे पोचेल असं त्याला वाटत होतं. तेवढ्या एका चौकोनामुळे ऑफर २५ वरून ३७ वर गेली. पुनर्विकासाचं गणित असंच आहे. सगळा खर्च आधी ठरलेला, आणि विक्रीच्या भावातली छोटी चूक टक्क्यात पोचेपर्यंत मोठी होते.

इथपर्यंत ही एका माणसाच्या आशावादाची गोष्ट वाटेल. पण हा बिल्डर मूर्ख नव्हता आणि सदा आशावादीही नव्हता. दुसऱ्या टेंडरात त्यानेच कदाचित सर्वांत कमी ऑफर दिली असेल. पाच जण एकाच प्लॉटचा अंदाज बांधत होते. प्लॉट एकच, बाजार एकच, पण भाव कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नाही. कुणाचा अंदाज थोडा खाली पडेल, कुणाचा थोडा वर. पाचही जणांची सरासरी बरोबर असू शकते. पण टेंडर सरासरीला मिळत नाही, ज्याचा अंदाज सर्वांत वर चुकला त्याला मिळतं. जिंकणं हाच तुमचा अंदाज फुगलेला असल्याचा पुरावा, याला विजेत्याचा शाप म्हणतात.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती तेलवाल्या इंजिनिअरांनी. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल हे तिघे अटलांटिक रिचफील्ड या अमेरिकन तेल कंपनीत होते. मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाचे पट्टे लिलावाने मिळायचे. आखातात एवढं तेल असून कंपन्यांना अपेक्षेएवढा परतावा का मिळत नाही, हे कोडं त्यांनी १९७१ साली सोडवलं: पट्टा नेहमी त्यालाच मिळतो ज्याने तेलाचा अंदाज सर्वांत जास्त धरलाय. बोलीतला फरक किती अवाढव्य असू शकतो ते १९६९च्या अलास्का नॉर्थ स्लोपच्या लिलावात दिसलं. जिंकलेल्या बोलींची बेरीज ९० कोटी डॉलर होती आणि त्याच पट्ट्यांवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या बोलींची ३७ कोटी. म्हणजे ५३ कोटी डॉलर असे होते, जे न देताही तेच पट्टे हाती आले असते. सामायिक मूल्याच्या, म्हणजे खरी किंमत सगळ्यांना सारखीच असलेल्या लिलावांचा सिद्धांत रचणाऱ्या रॉबर्ट विल्सन यांना पॉल मिलग्रोम यांच्यासोबत २०२० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला सर्वांत पटतो तो नाण्यांच्या बरणीचा प्रयोग. मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी बोस्टन विद्यापीठातल्या एमबीएच्या वर्गांत तो केला आणि १९८३ साली छापला. बरणीत ८ डॉलर किमतीची नाणी. विद्यार्थ्यांनी किमतीचा अंदाज करायचा आणि बोलीही लावायची. अंदाजांची सरासरी आली ५ डॉलर १३ सेंट, म्हणजे वर्ग एकूण खरं तर घाबरट होता, बरणीला कमीच लेखत होता. तरीही जिंकणाऱ्या बोलींची सरासरी होती १० डॉलर १ सेंट. सगळा वर्ग कमी धरतोय आणि जिंकणारा मात्र सरासरी दोन डॉलरनी बुडतोय. माणसं आशावादी असतात म्हणून हे घडतं असं म्हणता येत नाही, कारण इथे ती नव्हतीच.

परत पार्किंगमध्ये येऊ. बोर्डावरचे पाच आकडे ओळीने लावले की २२, २४, २५, २८ आणि मग एकदम ३७. पहिले चार सहा टक्क्यांत बसलेत आणि पाचवा दुसऱ्या क्रमांकापेक्षा नऊने पुढे. चार स्वतंत्र तक्ते एका जागी येतात आणि एक लांब जातो, तेव्हा त्या एकाला बाकीच्यांना न दिसलेलं काहीतरी दिसलंय, किंवा बाकीच्यांना दिसलेलं त्याला दिसलेलं नाही. दोन्ही शक्य आहे. कोणतं खरं ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आम्ही नीट विचारलं नाही. माझी चूक ती ही. मी फोनवर विचारलं, "तुमचा रेट कसा बसतो?" तो म्हणाला, "साहेब, मार्केट बघताय ना?" आणि मी ते उत्तर म्हणून लिहून घेतलं.

बिल्डरच्या बाजूने पाहिलं तर यावर उपाय आहे, पण तो मनाला पटत नाही. बोली भरताना "मला हा प्लॉट किती वाटतो" एवढं विचारून भागत नाही. "समजा मी जिंकलो आणि बाकी चौघांना हा प्लॉट माझ्यापेक्षा स्वस्त वाटला, तर आता मला तो किती वाटेल?" असं विचारावं लागतं. प्रत्येकाचा अंदाज साधारण सहा टक्क्यांनी इकडेतिकडे चुकतो असं धरलं, तर पाच जणांतला सर्वांत वरचा अंदाज खऱ्यापेक्षा सरासरी सात टक्क्यांनी वर असतो. दहा जण असतील तर नऊने. म्हणून स्पर्धक वाढले की शहाण्याने आपल्या अंदाजाला अधिक कात्री लावायची. प्रत्यक्षात उलट होतं. टेंडर घ्यायला दहा जण आले हे कळलं की बिल्डर म्हणतो, आता ताणूनच भरावं लागेल. सोसायटीलाही दहा ऑफर आल्या की हुरूप येतो.

"शाप बिल्डरला लागतो ना, मग आपल्याला काय?" हा प्रश्न सभेत एका निवृत्त बँक मॅनेजर काकांनी विचारला. मला वाटतं, या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. तेलाच्या लिलावात विकणारं सरकार पैसे आधी घेऊन मोकळं होतं, पट्टा कोरडा निघाला तर नुकसान कंपनीचं. आमच्या व्यवहारात सोसायटी आधी घरं रिकामी करते, इमारत पाडू देते आणि मोबदला चार वर्षांनी घेते. बिल्डर बुडाला तर त्याची कंपनी थांबते, तो दुसऱ्या नावाने दुसरीकडे उभा राहतो, आणि चाळीस कुटुंबं वडगाव नाहीतर वारज्यात भाड्याच्या घरात अडकतात. आपण बुडणाऱ्याच्या नावेत बसणार असू तर नाव त्याची आहे म्हणून चालत नाही.

याहून वाईट एक शक्यता आहे. ३७ टक्के दोन प्रकारचे लोक लिहितात. एक, ज्याचा अंदाज चुकलाय. दुसरा, ज्याचे आधीचे दोन प्रकल्प अडकलेत आणि ज्याला नव्या प्रकल्पाच्या नावावर कर्ज उचलून जुनी भोकं बुजवायची आहेत. दुसऱ्याला टक्का परवडतो की नाही याची फिकीरच नसते, कारण तो टक्का त्याला द्यायचा नसतोच. कागदावर दोघांचा आकडा सारखा दिसतो. सरकारी कामांत हे जुनं दुखणं आहे. कोणी अंदाजपत्रकापेक्षा फार खाली टेंडर भरलं, ज्याला आपण "बिलो" म्हणतो, तर त्याच्याकडून जादा अनामत मागतात. युरोपीय संघाच्या २०१४च्या खरेदी नियमांत असामान्यपणे कमी टेंडर आलं तर त्याचं स्पष्टीकरण मागणं खात्यावर बंधनकारक आहे. सोसायट्यांत मात्र असामान्य आकड्याला शिट्टी मिळते.

इथून पुढची गोष्ट वाटाघाटीची. कमिटीने तीन जणांची समिती केली आणि ३७ वाल्याला बोलावलं. समितीत बँक मॅनेजर काका होते, एका कंपनीत खरेदी विभाग सांभाळलेले एक दादा होते आणि खजिनदार ताई. दादांनी आयुष्यभर व्हेंडरांना पिळलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ३७ ही त्याची पहिली बोली आहे, पहिल्या बोलीवर कोणी थांबत नाही. त्यांनी ४२ मागितले.

बिल्डर दोन मिनिटं मोबाइलवर बोटं फिरवत बसला आणि म्हणाला, "चाळीस. पण बँक हमीचं जरा बघा."

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली शासनाने जे निर्देश काढलेत, त्यांत प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के बँक हमी विकासकाकडून घ्यावी असं आहे. आमच्या प्रकल्पात ते १० कोटी होतात. एवढी हमी द्यायला बँक बिल्डरकडून तारण आणि ठेव मागते, त्याचे पैसे अडकतात, म्हणून तो नेहमी कुरकुरतो. दादांनी हमी दोन कोटींवर आणायला होकार दिला आणि तीन टक्के घेतले. बाहेर येऊन त्यांनी मला टाळी दिली. मलाही त्या क्षणी ते जिंकल्यासारखंच वाटलं. ७२० चौरस फूट, एक कोटी वीस लाखांचं क्षेत्रफळ, दोन मिनिटांत.

त्या दोन मिनिटांचा अर्थ आज मला वेगळा लागतो. खरंच हिशोब करणाऱ्या बिल्डरसाठी तीन टक्के म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा. तो उठून जातो, आर्किटेक्टला फोन लावतो, दोन दिवस मागतो, दीडवर तोडतो. समोरचा चटकन "हो" म्हणाला, तर ती आपल्या चातुर्याची पावती असेलच असं नाही. "हो" हीसुद्धा माहिती असते. जुन्या गाडीचा मालक तुमच्या पहिल्याच भावाला हो म्हणाला की पोटात गोळा येतो, तसा इथे यायला हवा होता. तो आला नाही, कारण आम्ही तो "हो" आपल्या खात्यावर जमा करून टाकला होता.

४० टक्क्यांवर त्याच्या तक्त्यात, म्हणजे १८,००० च्या भावाने, अजूनही पावणेपाच कोटी नफा दिसत होता. बाजारातल्या १६,५०० ने मोजलं तर विकायला ३०,४०० चौरस फूट, त्याचे ५० कोटी १६ लाख. म्हणजे सोळा लाख नफा, पन्नास कोटींच्या कामावर. एवढ्यात एक पावसाळाही निघत नाही.

दोन्ही बाजूंना त्या दिवशी आपण चांगला सौदा केला असं वाटत होतं, आणि दोघांचा आत्मविश्वास पुढच्या वाटाघाटीबद्दलचा होता. बिल्डरला वाटत होतं, भाव वाढला नाही तर मध्यावर सोसायटीला बसवून टक्का कमी करून घेऊ, घरं पाडलेली असताना ते कुठे जाणार? समितीला वाटत होतं, करार पक्का आहे, दोन कोटींची हमी आहे, वेळ आली तर कोर्टात खेचू. एकच भांडण भविष्यात होणार होतं आणि ते दोघेही जिंकणार होते.

यावरचं संशोधन जुनं आहे. मार्गारेट नील आणि बेझरमन यांनी असे वाद घेतले ज्यांत लवाद मधला मार्ग काढत नाही. दोन्ही बाजूंनी शेवटचा प्रस्ताव द्यायचा आणि लवाद त्यातला एक जसाच्या तसा उचलणार. दोनातला एकच निवडला जाणार, म्हणून दोन्ही बाजूंचा "माझा निवडला जाईल" हा विश्वास सरासरी ५० टक्के असायला हवा. तो ५० च्या बराच वर निघाला. आणि ज्याला आपला प्रस्ताव निवडला जाणारच असं वाटतं, तो तडजोड कमी करतो. आमच्या दादांनी हमी सोडली ती याच बळावर. कोर्टात जिंकणारच असू तर हमी हवी कशाला?

अतिआत्मविश्वासाची दुसरी जात मी स्वतः मोजली, थोड्या गमतीने. करारावर सह्या व्हायच्या आधी मी कमिटीच्या सात जणांना चिठ्ठ्या दिल्या. प्रश्न असा: ताबा किती महिन्यांत मिळेल? एक आकडा देऊ नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे लिहा, असे की खरा आकडा त्यांच्यामध्ये पडेल याची तुम्हाला नव्वद टक्के खात्री आहे. सर्वांत रुंद चिठ्ठी होती ३० ते ४०. सर्वांत अरुंद ३४ ते ३६, ती चेअरमन काकांची. आठवी चिठ्ठी माझी होती, ३२ ते ४२. मार्क अल्पर्ट आणि हॉवर्ड रायफा यांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांकडून असेच पट्टे मागितले होते, तेही ९८ टक्के खात्रीचे. खरा आकडा पट्ट्याबाहेर शंभरात दोनदा पडायला हवा होता, तो चाळीसच्या वर पडला. हे मला ठाऊक होतं. तरी मी ४२ लिहिलं. ४४ व्या महिन्यात आमचं काम पाचव्या स्लॅबवर उभं होतं.

झालं ते थोडक्यात असं. परवानग्यांना सात महिने जास्त लागले आणि पहिल्या वर्षी भाव जागचा हलला नाही. एका वर्षाची दिरंगाई म्हणजे चाळीस घरांचं महिना २५,००० ने एक कोटी वीस लाख भाडं, आणि पंधरा कोटींच्या कर्जावर पंधरा टक्क्यांनी सव्वादोन कोटी व्याज. साडेतीन कोटींचा हा फटका सोळा लाखांच्या नफ्यावर पडला. सव्विसाव्या महिन्यात भाड्याचे चेक परत यायला लागले. तिसाव्या महिन्यात बिल्डर समितीसमोर बसला आणि म्हणाला, टक्का २५ वर आणला तर काम चालू करतो. २५, जो पार्किंगमधल्या बोर्डावर पहिल्याच दिवशी लिहिला होता, आणि लिहिणाऱ्याला आम्ही धन्यवादाचं पत्र पाठवलं होतं. समितीने नकार दिला, नोटीस गेली, हमीचे दोन कोटी वटवले. ते वीस महिन्यांच्या भाड्यात गेले.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. भाव त्या पहिल्या दोन वर्षांत खरंच १८,००० वर गेला असता, तर हाच बिल्डर शहाणा ठरला असता आणि आमचे दादा सोसायटीचे हिरो. निकाल वाईट म्हणून निर्णय वाईट, असं मी म्हणत नाही. निर्णय वाईट होता तो यासाठी की ४० टक्क्यांवर सगळं एका भावावर टांगलेलं होतं, आणि तो भाव चुकला तर सावरायची एकमेव दोरी आम्ही तीन टक्क्यांना विकली होती.

सर्वांत मोठी ऑफर नेहमी शापितच असते असंही नाही. एखाद्याचा शेजारचा प्लॉट असतो, दोन्ही एकत्र केले की पार्किंग आणि जिना सुटसुटीत बसतो आणि खर्च खरोखर उतरतो. एखाद्याने टीडीआर स्वस्त असताना घेऊन ठेवलेला असतो. एखाद्याची स्वतःची बांधकामाची टीम असते. ही कारणं त्या एकाचीच असतात, बाकीच्यांना लागू नसतात, म्हणून त्याचा आकडा इतरांपेक्षा मोठा असणं रास्त आहे. अशा कारणांचा कागद असतो: सातबारा, टीडीआरचं प्रमाणपत्र, पूर्ण केलेल्या इमारतीचा भोगवटा दाखला. "मार्केट वर जातंय" याचा कागद नसतो, आणि मार्केट पाचही जणांना सारखंच असतं. त्यामुळे फरक कशाचा, एवढा एकच प्रश्न लेखी विचारला तर बरंच वेगळं होतं. दुसरा प्रश्न तक्त्याचा. विक्रीचा भाव आजचा धरून, काम एक वर्ष लांबवून तोच तक्ता परत मांडून दाखवा. जो दाखवायला तयार नाही त्याच्या टक्क्याला काही अर्थ नाही. २८ वाल्याला आम्ही हे विचारलं असतं, तर आजच्या भावाने त्याच्याकडे चार कोटी नव्वद लाख उरले असते आणि एक वर्ष लांबूनही तो दीड कोटी नफ्यात राहिला असता.

जुना करार रद्द होऊन पुन्हा टेंडर निघालं तेव्हा तीनच पाकिटं आली. पार्किंग आता नव्हतंच. सभा एका सभासदाच्या भाड्याच्या घरात झाली, निम्मे लोक जिन्यात उभे. आकडे होते ११, १२ आणि १४. अर्धवट सांगाडा, त्यावर बँकेचा बोजा, आधीच्या बिल्डरने घेतलेल्या तीन बुकिंगचे दावे, म्हणून टक्का इतका उतरला होता.

१४ वाल्याला आत बोलावलं. दादा काही बोलायच्या आत खजिनदार ताईंनी विचारलं, "तुमचा आकडा बाराच का नाही?"

त्याने फाइल उघडून टीडीआरचं प्रमाणपत्र काढलं, आधीच्या तारखेचं, स्वतःच्या नावावरचं. ताईंनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, मग बँक हमीचा मसुदा त्याच्यापुढे सरकवला. २० टक्क्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे जरा..."

"नाही," दादा म्हणाले.